जनुक द्विगुणन

जनुक द्विगुणन म्हणजे सजीवाच्या डीएनएमधील एखाद्या जनुकाची जादा प्रत निर्माण होण्याची प्रक्रिया होय. मूळ जनुक आपले काम करीत राहते आणि जादा प्रतीवर त्या कामाचे बंधन उरत नाही. पुढील लक्षावधी वर्षांत अशा प्रतीची गती साधारणपणे तीन प्रकारची होते. ती नवे कार्य मिळवते, मूळ प्रतीबरोबर कामाची वाटणी करून घेते किंवा उत्परिवर्तने साचून निकामी होते. निकामी झालेल्या प्रतीस छद्मजनुक म्हणतात. द्विगुणनातून उत्पन्न झालेल्या जनुकांना परस्परांचे पॅरालॉग म्हणतात, तर एका जातीच्या दोन जाती झाल्यामुळे वेगळ्या झालेल्या जनुकांना ऑर्थोलॉग म्हणतात.

या तिन्ही गती एकाच ठिकाणी पाहावयास मिळतात अशी जनुककुले थोडी आहेत. त्यांपैकी सर्वांत बारकाईने अभ्यासले गेलेले कुल रक्तातील हिमोग्लोबिनचे असून प्रस्तुत लेखातील विवेचन मुख्यतः त्याच्याच आधारे केले आहे.

द्विगुणन कसे घडते

जननपेशी तयार होताना अर्धगुणसूत्री विभाजनात गुणसूत्रांच्या जोडीतील दोन गुणसूत्रे एकमेकांशेजारी येतात आणि समोरासमोरच्या तुकड्यांची अदलाबदल करतात. या क्रियेस पारगती म्हणतात. दोन्ही गुणसूत्रे अचूक जुळलेली असतील तर देणेघेणे समान राहते. परंतु डीएनएचा एखादा क्रम त्याच गुणसूत्रावर थोड्या अंतराने पुन्हा आलेला असेल, तर एका गुणसूत्रावरील पहिली आवृत्ती दुसऱ्यावरील दुसऱ्या आवृत्तीशी चुकून जुळते. अशा स्थितीत पारगती झाली की एका गुणसूत्रास मधला तुकडा दोनदा मिळतो आणि दुसऱ्यातून तो नाहीसा होतो. या क्रियेस विषम पारगती म्हणतात. म्हणजेच विषम पारगतीतून होणाऱ्या प्रत्येक द्विगुणनाबरोबर दुसऱ्या गुणसूत्रात तेवढीच उणीव उत्पन्न होते.

ही यंत्रणा प्रथम फळमाशीत लक्षात आली. ‘बार’ या उत्परिवर्तनामुळे फळमाशीचा डोळा अरुंद पट्टीसारखा होतो. अशा माश्यांच्या संततीत क्वचित मूळ डोळ्याची, तर क्वचित अधिकच अरुंद डोळ्याची माशी निपजते. आल्फ्रेड स्टर्टव्हँट यांनी १९२५ मध्ये याचा संबंध विषम पारगतीशी जोडला. १९३६ मध्ये कॅल्व्हिन ब्रिजेस यांनी माशीच्या लालाग्रंथींतील महाकाय गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून बार माशीत गुणसूत्राचा एक भाग दोनदा आलेला दाखवून दिला.

द्विगुणनाचे आणखी दोन मार्ग महत्त्वाचे आहेत. कधी संपूर्ण गुणसूत्रसंच दुप्पट होतो. वनस्पतींत हे वारंवार घडले आहे. कधी जनुकापासून बनलेल्या संदेशवाहक आरएनएची उलट नक्कल होऊन ती डीएनएच्या रूपाने गुणसूत्रात दुसऱ्याच ठिकाणी जाऊन बसते. अशा प्रतीत मूळ जनुकातील इंट्रॉन, म्हणजे संदेश तयार होताना कापून टाकले जाणारे भाग, नसतात. त्यावरून ती ओळखता येते.

मायकेल लिंच व जॉन कॉनरी यांनी २००० मध्ये अनेक सजीवांच्या जनुकसंचांवरून केलेल्या अंदाजानुसार शंभर जनुकांमागे दर दहा लाख वर्षांत साधारण एक नवे द्विगुणन समष्टीत कायम होते. मात्र त्यांपैकी बहुसंख्य प्रती काही दशलक्ष वर्षांतच निकामी होतात. टिकून राहिलेली प्रत हा अपवाद असतो.

पॅरालॉग आणि ऑर्थोलॉग

या दोन संज्ञा वॉल्टर फिच यांनी १९७० मध्ये रूढ केल्या. ग्रीक भाषेत ‘पॅरा’ म्हणजे शेजारी आणि ‘ऑर्थो’ म्हणजे सरळ. पॅरालॉग जनुके द्विगुणनामुळे शेजारीशेजारी निर्माण झालेली असतात, तर ऑर्थोलॉग जनुके पूर्वज जातीकडून वंशज जातींकडे सरळ उतरलेली असतात.

मनुष्याचे अल्फा ग्लोबिन आणि मनुष्याचे बीटा ग्लोबिन ही पॅरालॉग जनुके होत. मनुष्याचे अल्फा ग्लोबिन आणि उंदराचे अल्फा ग्लोबिन ही ऑर्थोलॉग होत. मात्र पॅरालॉग नेहमी एकाच जातीत असतात, असा समज चुकीचा आहे. मनुष्याचे अल्फा आणि उंदराचे बीटा ही जनुकेही पॅरालॉगच आहेत, कारण त्यांच्या वंशरेषा जेथे एकत्र येतात तेथे द्विगुणनाची घटना आहे, जातींची फाटाफूट नव्हे. दोन जनुके कोणत्या जातींत आहेत, किती सारखी दिसतात किंवा कोणते काम करतात, यावर हे नाते ठरत नाही. त्यांच्या शेवटच्या समाईक पूर्वजाच्या ठिकाणी काय घडले, एवढ्यावरच ते ठरते.

हिमोग्लोबिनचे जनुककुल

प्रौढ मनुष्याच्या हिमोग्लोबिनच्या रेणूत दोन अल्फा व दोन बीटा अशा चार प्रथिनसाखळ्या असतात. अल्फा साखळीत १४१ आणि बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असून त्यांचा क्रम निम्म्यापेक्षा थोड्या कमी ठिकाणी सारखा आहे. व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९६१ मध्ये या साम्यावरून असे प्रतिपादन केले की ही जनुके एकाच पूर्वज जनुकाच्या वारंवार झालेल्या द्विगुणनातून आली असावीत. सुसुमु ओह्नो यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात द्विगुणन हा नव्या जनुकांचा मुख्य उगम होय, असा व्यापक सिद्धान्त मांडला.

अल्फा व बीटा यांना जन्म देणारे द्विगुणन सुमारे ४५ ते ५० कोटी वर्षांपूर्वी, जबडा असलेल्या पृष्ठवंशी प्राण्यांच्या पूर्वजात झाले. मनुष्यात आज अल्फा गट सोळाव्या गुणसूत्रावर आणि बीटा गट अकराव्या गुणसूत्रावर आहे. परंतु झेनोपस या बेडकात आणि माशांत दोन्ही प्रकारची जनुके एकाच गुणसूत्रावर शेजारी आढळतात. त्यावरून मूळ प्रती शेजारीच निर्माण झाल्या आणि पक्षी व सस्तन प्राणी यांच्याकडे येणाऱ्या वंशशाखेत त्या पुढे दूर गेल्या, असे दिसते.

मनुष्याच्या बीटा गटात जनुकांचा क्रम पुढीलप्रमाणे आहे: एप्सिलॉन, जी-गॅमा, ए-गॅमा, एक छद्मजनुक, डेल्टा आणि शेवटी बीटा. हा क्रम बहुतांशी जनुकांच्या कार्यकालाचाही क्रम आहे. गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत एप्सिलॉन, नंतर जन्मापर्यंत दोन्ही गॅमा आणि जन्मानंतर बीटा असे ते क्रमाने मुख्य भूमिका घेतात. डेल्टा जनुकाचे उत्पादन अल्प असते. त्यापासून बनणारे ‘ए-२’ हिमोग्लोबिन प्रौढ रक्तात साधारण २ ते ३.५ टक्के असते.

नवे कार्य: गॅमा ग्लोबिन

गर्भाला ऑक्सिजन आईच्या रक्तातून वारेमार्फत मिळतो. त्यासाठी गर्भाच्या हिमोग्लोबिनने आईच्या हिमोग्लोबिनपेक्षा ऑक्सिजन अधिक घट्ट धरणे आवश्यक असते. प्रौढ हिमोग्लोबिनच्या मध्यभागी असलेल्या पोकळीत तांबड्या पेशीतील बीपीजी नावाचे संयुग बसते आणि त्यामुळे ऑक्सिजनवरील पकड सैल होते. ही बैठक घडविण्यात बीटा साखळीतील १४३ व्या स्थानावरच्या, धनभारित होऊ शकणाऱ्या हिस्टिडीनचा वाटा असतो. गॅमा साखळीत त्या जागी भाररहित सेरीन आहे. त्यामुळे बीपीजी नीट बसत नाही आणि ऑक्सिजनवरील पकड घट्ट राहते.

येथे जनुकाच्या कार्यकालातही बदल झाला आहे. उंदीर, तसेच गॅलॅगो हा छोटा निशाचर प्राइमेट यांच्यात गॅमाचा ऑर्थोलॉग केवळ गर्भावस्थेच्या अगदी आरंभी, भ्रूणात कार्य करतो. माकडे, कपी व मनुष्य यांच्या समाईक वंशात गॅमा जनुकाचे द्विगुणन होऊन जी-गॅमा व ए-गॅमा अशा दोन प्रती झाल्या. या वंशात गॅमाचा कार्यकाल लांबून ते खऱ्या अर्थाने गर्भकालीन ग्लोबिन झाले. अशा रीतीने प्रतीने पूर्वी नसलेली भूमिका स्वीकारणे यास नवकार्यप्राप्ती म्हणतात.

कामाची वाटणी

नवे कार्य मिळविणारी उत्परिवर्तने दुर्मिळ, तर बिघाड करणारी विपुल असतात. असे असता इतक्या प्रती टिकतात कशा, या प्रश्नाचे एक उत्तर १९९९ मध्ये ॲलन फोर्स, मायकेल लिंच व सहकाऱ्यांनी दिले. जनुक कोठे व केव्हा चालू व्हावे हे ठरविणारे नियंत्रक भाग जनुकाजवळ असतात आणि अनेकदा ते एकाहून अधिक असतात. एका प्रतीतील एक नियंत्रक भाग बिघडला आणि दुसऱ्या प्रतीतील दुसरा बिघडला, तर दोन्ही प्रती अपुऱ्या होतात. त्यानंतर त्यांपैकी एकही गमावणे सजीवाला परवडत नाही. येथे कोणतीही सुधारणा झालेली नसते. केवळ ऱ्हासामुळेच दोन्ही प्रती टिकून राहतात.

याचे उदाहरण झेब्रामाशात मिळते. उंदीर व कोंबडी यांच्यात एन्ग्रेल्ड-१ हे एकच जनुक भ्रूणाच्या अवयवांकुरात आणि मज्जासंस्थेच्या विशिष्ट पेशींत कार्य करते. झेब्रामाशात त्याच्या दोन प्रती असून त्यांपैकी एक वक्षपराच्या अंकुरात, तर दुसरी मज्जापेशींत कार्य करते.

ऱ्हास: छद्मजनुक

‘स्यूडोजीन’ ही संज्ञा १९७७ मध्ये झेनोपस बेडकाच्या डीएनएवरील संशोधनातून पुढे आली. बीटा गटातील ए-गॅमा व डेल्टा यांच्यामध्ये असलेले छद्मजनुक हे त्याचे चांगले उदाहरण आहे. त्याची एकंदर रचना आजही ग्लोबिन जनुकासारखी आहे. तीन सांकेतिक भाग आणि त्यांमधले दोन इंट्रॉन त्यात ओळखता येतात. मात्र प्रथिनाचा आरंभ दर्शविणारा संकेत बिघडलेला आहे आणि मध्येच समाप्तीचे संकेत आले आहेत, त्यामुळे त्यापासून ग्लोबिन बनत नाही. शेळीमध्ये याच जनुकाचा ऑर्थोलॉग शाबूत असून तो भ्रूणाचे ग्लोबिन बनवितो. म्हणजे हे जनुक आरंभापासून निरुपयोगी नव्हते. प्राइमेटांच्या वंशात ते निकामी झाले.

दुसऱ्या प्रकारचे छद्मजनुक उंदरात आहे. त्याच्या अल्फा ग्लोबिनच्या एका प्रतीत दोन्ही इंट्रॉन नाहीत आणि ती अल्फा गटापासून दूर, वेगळ्याच गुणसूत्रावर आहे.

जनुक निकामी झाले आहे की नाही हे ठरविण्यासाठी केवळ समाप्ती संकेत शोधणे पुरेसे नसते, कारण क्रम वाचतानाच्या चुकीमुळेही तसा संकेत दिसू शकतो. म्हणून दोन प्रकारच्या बदलांची तुलना करतात. काही बदलांनी अमिनो आम्ल बदलते, काहींनी बदलत नाही. कार्यरत जनुकात पहिल्या प्रकारचे बदल नैसर्गिक निवडीने गाळले जातात, म्हणून प्रत्येकाच्या संधीच्या मानाने ते कमी आढळतात. जनुक निकामी झाल्यावर ही गाळणी उरत नाही आणि दोन्ही बदल सारख्याच वेगाने साचतात. तथापि प्रथिन न बनविणारे जनुक सर्वस्वी निष्क्रियच असते असे नाही. बीटा गटातील या छद्मजनुकाचा तांबड्या पेशींच्या विकासाशी संबंध असल्याचे अलीकडील प्रयोगांत दिसून आले आहे.

नाते ठरविताना होणाऱ्या चुका

पहिली चूक कार्यावरून नाते ठरविण्याची आहे. मनुष्याचे गॅमा आणि शेळीचे गर्भकालीन ग्लोबिन एकच काम करतात, म्हणून ती ऑर्थोलॉग वाटतात. परंतु शेळीचे गर्भकालीन जनुक प्रौढ बीटा जनुकाच्या अलीकडील द्विगुणनातून आलेले आहे. वंशाच्या दृष्टीने ते मनुष्याच्या बीटाचे ऑर्थोलॉग व गॅमाचे पॅरालॉग ठरते. दोन वंशांनी एकच गरज वेगवेगळ्या प्रतींतून भागविली आहे. याउलट मनुष्याचे गॅमा आणि उंदराचे त्याच्याशी जुळणारे भ्रूणकालीन जनुक ऑर्थोलॉग असूनही वेगळ्या काळात कार्य करतात. तसेच मनुष्याच्या वंशात गॅमाचे द्विगुणन होऊन दोन प्रती झाल्या असल्याने येथील नाते एकास एक नाही.

दुसरी चूक साम्यावरून वय ठरविण्याची आहे. डेल्टा व बीटा यांच्या साखळ्यांत १४६ पैकी केवळ १० स्थानी फरक आहे. त्यावरून त्यांचे द्विगुणन अगदी अलीकडचे वाटते, पण प्रत्यक्षात ते फार जुने आहे. शेजारच्या बीटा जनुकाचा क्रम वेळोवेळी डेल्टावर उतरविला गेल्याने दोघांतील भेद पुसला गेला. या क्रियेस जनुक रूपांतरण म्हणतात. ते ओळखण्याची खूण अशी की जनुकाच्या एका भागावरून काढलेला वंशवृक्ष दुसऱ्या भागावरून काढलेल्या वृक्षाशी जुळत नाही.

तिसरी चूक जनुके नष्ट झाल्यामुळे होते. एका जातीत एक प्रत आणि दुसऱ्या जातीत दुसरी प्रत नाहीशी झाली, तर उरलेली दोन जनुके परस्परांशी सर्वाधिक जुळतात आणि पॅरालॉग असूनही ऑर्थोलॉग भासतात. म्हणून केवळ क्रमसाम्यावर विसंबून न राहता जनुकांचा वंशवृक्ष जातींच्या वंशवृक्षाशी ताडून पाहतात आणि दोन्ही जातींत त्या जनुकाचे शेजारी सारखेच आहेत का, हेही तपासतात.

मानवी रोगांशी संबंध

विषम पारगती ही केवळ पुरातन काळातील घटना नाही. लेपोर हिमोग्लोबिन १९५८ मध्ये प्रथम वर्णिले गेले. त्यातील बीटासदृश साखळीचा आरंभ डेल्टाचा आणि शेवट बीटाचा असतो. डेल्टा व बीटा चुकीने जुळून पारगती झाल्याने दोहोंच्या जागी एकच जोडजनुक उरते. त्याचा नियंत्रक भाग दुबळ्या डेल्टाचा असल्यामुळे उत्पादन अल्प होते आणि बीटा थॅलसेमियासारखी लक्षणे उद्भवतात. नेहमीच्या अल्कधर्मी विद्युतसंचलन चाचणीत हे हिमोग्लोबिन सिकलसेलच्या हिमोग्लोबिनच्या जागी सरकते. म्हणून केवळ त्या पट्ट्यावरून निदान करणे धोक्याचे असते. याच्या उलट रचनेचे, म्हणजे आरंभ बीटाचा व शेवट डेल्टाचा असलेले जोडजनुकही आढळले आहे. विषम पारगतीत उणीव व भर एकाच वेळी निर्माण होतात, याचा तो पुरावा होय.

अल्फा गटात दोन अल्फा जनुके शेजारी असल्याने प्रत्येक व्यक्तीस सामान्यतः चार प्रती मिळतात. विषम पारगतीने ३.७ हजार क्षारकजोड्यांचा तुकडा गळून एका गुणसूत्रावर एकच प्रत उरणे ही भारतातील अनेक समाजांत, विशेषतः काही आदिवासी समाजांत, आढळणारी स्थिती आहे. चारांपैकी एक प्रत गेल्यास सहसा काही जाणवत नाही. दोन गेल्यास तांबड्या पेशी लहान होतात आणि ही स्थिती लोहाच्या कमतरतेचा पंडुरोग समजली जाण्याचा संभव असतो. शरीरातील लोहसाठा पुरेसा असूनही पेशी लहान राहिल्यास जनुकीय चाचणीचा विचार करतात. चारही प्रती नसल्यास गर्भ सहसा जगत नाही. दुसऱ्या बाजूस एका गुणसूत्रावर तीन अल्फा प्रती असणे एरवी निरुपद्रवी असते, परंतु तीच व्यक्ती बीटा थॅलसेमियाची वाहक असेल तर साखळ्यांमधील असमतोल वाढून पंडुरोग बळावतो.

सिकलसेल रोग बीटा जनुकातील एका बदलाने होतो. तो विदर्भातील अनेक समाजांत आढळतो. गॅमा साखळी सिकलसेल हिमोग्लोबिनच्या तंतूंत सामील होत नाही. त्यामुळे ज्यांच्या रक्तात गर्भकालीन हिमोग्लोबिन जन्मानंतरही अधिक राहते त्यांचा रोग सामान्यतः सौम्य असतो. भारतात आढळणाऱ्या सिकलसेल गुणसूत्रप्रकारात जी-गॅमाच्या नियंत्रक भागात एक बदल असतो आणि त्याच्यासोबत हे प्रमाण पुष्कळांत वाढलेले दिसते; तरीही सर्व रुग्णांचा रोग सौम्य नसतो. हायड्रॉक्सीयुरिया या औषधाचा एक मुख्य परिणाम गॅमाचे उत्पादन वाढविणे हा आहे. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळालेल्या एका जनुकसंपादन उपचारात गॅमाला जन्मानंतर दाबून ठेवणाऱ्या बीसीएल-११-ए या जनुकाचा तांबड्या पेशींमधील नियंत्रक भाग तोडला जातो. या उपचारात बिघडलेले बीटा जनुक तसेच राहते आणि त्याच्या पॅरालॉगकडून त्याचे काम करवून घेतले जाते.